फेच होताना पीसी, एमएआर, एमडीआर आणि आयआर नक्की काय करतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलामुलींना मी मायक्रोप्रोसेसर शिकवतो. फेच म्हणजे मेमरीतून इन्स्ट्रक्शन प्रोसेसरमध्ये आणणं, आणि त्यावरचे खाली दिलेले प्रश्न दर वर्षी येतातच, बहुतेक प्रॅक्टिकलच्या आदल्या आठवड्यात. उत्तरं एकाच उदाहरणावर बेतली आहेत, कारण चार रजिस्टरच्या चार व्याख्या पाठ करून हा विषय कळत नाही. एक इन्स्ट्रक्शन घ्यावी, प्रत्येक टप्प्याला चारही रजिस्टरमध्ये कोणता आकडा आहे ते वहीत मांडावं, म्हणजे तो कळतो.

उदाहरण 8085 या मायक्रोप्रोसेसरचं आहे, कारण पुण्यातल्या बहुतेक लॅबमध्ये अजून त्याचंच किट असतं. प्रोग्रॅम हा:

```
2000  3A 50 20   LDA 2050H
2003  C6 05      ADI 05H
2005  32 51 20   STA 2051H
2008  76         HLT
```

2050H या पत्त्यावरचा आकडा उचलायचा, त्यात 5 मिळवायचे आणि बेरीज 2051H वर ठेवायची. 2050H वर आपण 27H ठेवला आहे असं धरू. मग उत्तर 2CH यायला हवं.

चार रजिस्टर कशाला? एकदोनमध्ये भागणार नाही का?

अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला गेलात की बहुतेक दुकानांत तुम्हाला आत जाता येत नाही. हातात यादी असते आणि तुमचं बोट एका ओळीवर असतं. दुकानदार त्या ओळीतलं नाव चिठ्ठीवर लिहून आतल्या मुलाकडे देतो. मुलगा चिठ्ठी घेऊन फडताळाकडे जातो आणि पुस्तक आणून काउंटरवर ठेवतो. ते तुम्ही उचलून हातात घेता, काउंटर पुढच्या पुस्तकासाठी मोकळा होतो, आणि चिठ्ठी आत गेल्यागेल्याच तुमचं बोट पुढच्या ओळीवर सरकलेलं असतं.

बोट म्हणजे प्रोग्रॅम काउंटर, पीसी. चिठ्ठी म्हणजे मेमरी अ‍ॅड्रेस रजिस्टर, एमएआर. काउंटर म्हणजे मेमरी डेटा रजिस्टर, एमडीआर. आणि हातात घेतलेलं पुस्तक म्हणजे इन्स्ट्रक्शन रजिस्टरमधला, आयआरमधला, ऑपकोड.

यातून एक गोष्ट धरून ठेवा: पीसी आणि आयआर लक्षात ठेवतात, एमएआर आणि एमडीआर ने-आण करतात. मेमरीशी बोलणारी रजिस्टर फक्त शेवटची दोन. पुढची सगळी उत्तरं याच वाटणीतून निघतात.

उपमा एका ठिकाणी फसते, तेही सांगतो. दुकानातलं पुस्तक उचललं की फडताळ रिकामं होतं. मेमरी वाचली म्हणून तिथला बाइट जात नाही, त्याची फक्त नक्कल एमडीआरमध्ये येते. म्हणून तोच प्रोग्रॅम हजार वेळा चालवता येतो.

फेचच्या पायऱ्या नेमक्या कोणत्या क्रमाने लिहायच्या?

```
T1:  MAR <- PC
T2:  MDR <- M[MAR],  PC <- PC + 1
T3:  IR  <- MDR
```

पेपरात एवढं लिहिलं की पायऱ्या पूर्ण होतात. पण दुसऱ्या ओळीत दोन कामं शेजारी का लिहिली आहेत, हे समजून लिहा. मेमरीला पत्ता मिळाल्यापासून बाइट बाहेर यायला वेळ लागतो. त्या वेळात प्रोसेसरच्या आत पीसीला कोणी हात लावत नाही, कारण त्यातला पत्ता एमएआरमध्ये उतरवून झालेला असतो. तेवढ्यात पीसी एकाने वाढवला तर वाढवण्यासाठी वेगळा वेळ द्यावा लागत नाही.

वाढ तिसऱ्या पायरीत लिहिली तरी चालते. चालत नाही ते एकच: एमएआरमध्ये पत्ता जायच्या आधी पीसी वाढवणं. तसं झालं तर पहिला बाइट कधी वाचलाच जाणार नाही. एखादी हुशार मुलगी विचारते, "सर, पहिल्याच पायरीत दोन्ही एकदम केलं तर?" रजिस्टर क्लॉकच्या कडेवर बदलणारी असतील तर तेही चालतं. त्या कडेला एमएआर पीसीची जुनी किंमत घेतो आणि पीसी नवी, दोघं एकमेकांच्या आड येत नाहीत. पुस्तकात ही दोन कामं वेगळी दाखवतात ती समजायला सोपं जावं म्हणून, आणि काही रचनांमध्ये वाढ एएलयूमधून करावी लागते म्हणून.

पीसीत पत्ता आहेच, मग तो एमएआरमध्ये उतरवायचा कशाला?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हाच, कारण इथे उत्तर आकड्यांतून दिसतं. `LDA 2050H` ही इन्स्ट्रक्शन तीन बाइटची आहे आणि तिला मेमरीकडे चार फेऱ्या माराव्या लागतात. प्रत्येक फेरी संपताना चारही रजिस्टर अशी असतात:

```
फेरी   MAR    MDR   IR   PC
M1     2000   3A    3A   2001
M2     2001   50    3A   2002
M3     2002   20    3A   2003
M4     2050   27    3A   2003
```

चौथी ओळ बघा. एमएआरमध्ये 2050 आहे आणि पीसीत 2003. प्रोसेसर डेटा आणायला 2050H वर गेला आहे, पण परत कुठे यायचं ते पीसीने धरून ठेवलं आहे. मेमरीला पत्ता थेट पीसीतूनच द्यायचा असता तर डेटा आणण्यासाठी 2050 पीसीतच लिहावा लागला असता, आणि 2003 ही पुढची जागा हातची गेली असती. पहिल्या तीन फेऱ्यांत एमएआर पीसीच्या मागे एका पावलावर चालतो, म्हणून तो निरुपयोगी वाटतो. चौथ्या फेरीत त्याची गरज उघडी पडते.

दुसरं कारण हार्डवेअरचं. मेमरी वाचून होईपर्यंत पत्ता स्थिर राहावा लागतो आणि पीसी तर मधेच बदलतो. मेमरी संथ असेल आणि तिने रेडी पिन खाली धरून वेट स्टेट मागितल्या, तर पत्ता आणखी काही क्लॉक तसाच टिकला पाहिजे.

आणि एमडीआरमध्ये ऑपकोड आलाच आहे, तर आयआर वेगळा का?

तोच तक्ता पुन्हा. एमडीआर प्रत्येक फेरीत बदलतो: 3A, 50, 20, 27. आयआर चारही फेऱ्यांत 3A वरच आहे. कंट्रोल युनिटला "ही LDA आहे, अजून दोन बाइट आणायचे, मग त्या पत्त्यावर जायचं, मग आलेला आकडा अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये ठेवायचा" हे शेवटपर्यंत माहीत असायला हवं. दुसऱ्या फेरीला 50 आला आणि 3A पुसला गेला, तर कंट्रोल युनिट ते 50 हाच ऑपकोड समजेल.

म्हणून आयआरमध्ये भर फक्त ऑपकोड फेचला पडते. नंतरचे 50 आणि 20 एमडीआरमधून झेड आणि डब्ल्यू या आतल्या तात्पुरत्या रजिस्टरमध्ये जातात आणि तिथे मिळून 2050 हा पत्ता तयार होतो. खालचा बाइट आधी येतो, म्हणून मेमरीत 50 20 असं उलटं दिसतं. `3A 20 50` असं भरलंत तर प्रोसेसर तक्रार न करता 5020H वरून आकडा आणेल.

आयआरमध्ये पूर्ण इन्स्ट्रक्शन असते की फक्त ऑपकोड?

8085 मध्ये फक्त ऑपकोड, कारण आयआर 8 बिटचा आहे. ज्या प्रोसेसरमध्ये प्रत्येक इन्स्ट्रक्शन 32 बिटची असते, मिप्ससारख्या, तिथे एका फेचमध्ये ऑपकोड आणि ऑपरंड मिळून अख्खी इन्स्ट्रक्शन आयआरमध्ये येते. पेपरात प्रश्न कोणत्या प्रोसेसरचा आहे ते आधी वाचा.

पीसी "चालू" इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवतो की "पुढच्या"चा?

फेच सुरू होताना चालू इन्स्ट्रक्शनचा. ऑपकोड आयआरमध्ये पोचेपर्यंत तो एक बाइट पुढे गेलेला असतो. इन्स्ट्रक्शनचे सगळे बाइट आले की तो पुढच्या इन्स्ट्रक्शनवर असतो. "पीसी चालू इन्स्ट्रक्शनचा पत्ता ठेवतो" हे वाक्य एवढंच लिहिलं तर ते अर्धवट आहे, आणि तोंडी परीक्षेत नेमकं तिथेच पकडतात.

याचा फायदा `CALL` मध्ये दिसतो. समजा 2008H वर `HLT` ऐवजी `CALL` आहे. तिचे तीन बाइट 2008, 2009 आणि 200A वर. ते वाचून होईपर्यंत पीसी आपोआप 200B वर पोचतो, आणि परत येण्याचा पत्ता तोच हवा असतो. प्रोसेसर काही हिशेब न करता पीसी जसाच्या तसा स्टॅकवर टाकतो. `JMP` असेल तर 200B ची गरजच नसते. पुढचा फेच डब्ल्यू आणि झेडमध्ये जमलेल्या पत्त्यावरून होतो आणि पीसी तिथून पुढे मोजायला लागतो.

पीसी प्रत्येक फेरीला एकाने वाढतो का?

नाही. तक्त्यात तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत पीसी 2003 च आहे. प्रोग्रॅममधला बाइट वाचला तरच तो वाढतो, डेटा वाचला तर नाही. आणि "एकाने" हे 8085 चं. मिप्समध्ये इन्स्ट्रक्शन चार बाइटची आणि पत्ते बाइटचे, म्हणून तिथे वाढ 4 ची.

किटवर प्रोग्रॅम चालतो, एरर येत नाही, पण उत्तर चुकतं. यात पीसीचा काय संबंध?

एका विद्यार्थ्याने हाच प्रोग्रॅम अचूक भरला होता. बाइट मी स्वतः तपासले, एकही चूक नव्हती. तरी 2051H वर 2C येईना. त्याने `GO` देताना 2000 ऐवजी 2001 दिला होता.

तिथून काय झालं ते बघा, कारण यात अख्खा फेच दिसतो. पीसीत 2001 गेला. एमएआरमध्ये 2001, एमडीआरमध्ये 50, आणि हा ऑपकोड फेच असल्याने 50 थेट आयआरमध्ये. आपल्यासाठी 50 हा पत्त्याचा अर्धा भाग होता. 8085 साठी 50H हा `MOV D,B` चा ऑपकोड आहे. तो गुपचूप पार पडला. मग 2002 वरचा 20. 8085 मध्ये 20H म्हणजे `RIM`, जी इंटरप्टची स्थिती अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये आणते. पुढे पीसी 2003 वर, तिथे खरीखुरी `ADI 05H`. इथून प्रोग्रॅम पुन्हा रुळावर आला. `STA` ने उत्तर 2051H वर ठेवलं, `HLT` वर थांबला, सगळं व्यवस्थित झाल्यासारखं.

फक्त बेरीज 27 मध्ये नाही, `RIM` ने आणलेल्या आकड्यात झाली. रीसेटनंतर तिन्ही इंटरप्ट मास्क केलेले असतात आणि बाकी सगळे बिट शून्य असतील तर तो आकडा 07H, म्हणून उत्तर 0CH. किटच्या मॉनिटर प्रोग्रॅमने मास्क बदलले असतील तर वेगळा आकडा येईल.

मेमरीला 50 हा डेटा आहे की ऑपकोड हे माहीत नसतं. एमडीआरलाही नसतं. बाइट आयआरमध्ये जाईल की झेडमध्ये, हे कंट्रोल युनिट फक्त "आता कोणती फेरी चालू आहे" यावरून ठरवतं. पीसी एका घराने चुकला की त्या सगळ्या ठरवण्याचा पायाच सरकतो.

ओळखायचं कसं? 2050H वरचा आकडा बदलून बघा. 27 च्या जागी 31 टाकला तर उत्तर 36 व्हायला हवं. उत्तर तसंच राहिलं, तर `LDA` चाललेलीच नाही आणि सुरुवातीचा पत्ता तपासायचा. किटवर सिंगल स्टेपची सोय असेल तर पहिल्या पावलानंतर पीसी बघा: 2003 असेल तर तीन बाइटची इन्स्ट्रक्शन झाली, 2002 असेल तर एक बाइटची.

शेवटी HLT लिहायचा राहिला तर?

पीसी थांबत नाही. 2008 वर जे काही पडलं असेल ते आयआरमध्ये जातं. तिथे 00 असेल तर ती `NOP`, पीसी पुढे सरकत राहील. FF असेल तर ती `RST 7`, आणि पीसी उडी मारून 0038H वर जाईल.

8085 च्या ब्लॉक डायग्रॅममध्ये एमएआर आणि एमडीआर ही नावंच दिसत नाहीत. आमचं पुस्तक चुकीचं आहे का?

पुस्तक बरोबर आहे. एमएआर आणि एमडीआर ही कामांची नावं आहेत. 8085 च्या आकृतीत अ‍ॅड्रेस लॅच, अ‍ॅड्रेस बफर आणि अ‍ॅड्रेस-डेटा बफर असे चौकोन आहेत आणि ही कामं त्यांच्यात वाटली आहेत. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला ती हाताळता येत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी एकही इन्स्ट्रक्शन नाही. काही पुस्तकांत एमडीआरला एमबीआर, म्हणजे मेमरी बफर रजिस्टर म्हणतात. तोच आहे तो.

8085 मध्ये एमएआरच्या कामाचा अर्धा भाग तर चिपच्या बाहेर असतो! पत्त्याचे खालचे आठ बिट आणि डेटा एकाच आठ तारांवरून जातात. पहिल्या टी-स्टेटमध्ये त्या तारांवर पत्ता असतो, आणि त्यानंतर त्या डेटासाठी मोकळ्या होतात. म्हणून बाहेर 74LS373 हा लॅच लावतात. एएलई पिन खाली येताना तो खालचे आठ बिट पकडून ठेवतो.

तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून ब्रेडबोर्डवर 8085 जोडणाऱ्या एका गटाचं सर्किट दर रीसेटला वेगळं वागत होतं. एएलईची तार लॅचपाशी सुटली होती. या जातीच्या चिपमध्ये मोकळी इनपुट बहुधा 1 समजली जाते, त्यामुळे लॅच कायम उघडा राहिला. त्याने काहीच पकडलं नाही, आणि प्रोसेसरने तारा सोडताच मेमरीला मिळणारा पत्ताही बदलला. पीसी ठीक, आयआर ठीक, मेमरीतले बाइटही ठीक, पण चिठ्ठी अर्ध्या वाटेत पुसली जात होती. तपासायचं तर ऑसिलोस्कोपचं एक टोक लॅचच्या आउटपुटला आणि दुसरं रीड पिनला लावा. रीड खाली असेपर्यंत लॅचचं आउटपुट हललं नाही पाहिजे.

फेचला वेळ किती लागतो?

अनेक किटवर 6.144 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो आणि 8085 त्याचा निम्मा करून 3.072 मेगाहर्ट्झवर चालतो. एक टी-स्टेट सुमारे 0.326 मायक्रोसेकंदाची. ऑपकोड फेच बहुतेक इन्स्ट्रक्शनना 4 टी-स्टेटचा, म्हणजे 1.3 मायक्रोसेकंद: पहिल्या तीनमध्ये बाइट आणायचा, चौथ्यात डीकोड. साध्या मेमरी फेऱ्यांना डीकोड नसल्याने त्या 3 टी-स्टेटच्या. `LDA` ला 4 + 3 + 3 + 3, एकूण 13.

लॉजिक अ‍ॅनालायझर असेल तर फेरी कोणती हे बाहेरूनही ओळखता येतं. ऑपकोड फेचला एस-वन आणि एस-झिरो या दोन्ही पिन 1 असतात, साध्या मेमरी वाचनाला एस-वन 1 आणि एस-झिरो 0. वरच्या 2001 च्या चुकीत 50 हा बाइट येताना दोन्ही पिन 1 दिसल्या असत्या.

आजच्या प्रोसेसरमध्येही हेच चालतं का?

कामं तीच, पण एकाच वेळी अनेक इन्स्ट्रक्शन वेगवेगळ्या टप्प्यांवर असतात, त्यामुळे एकच आयआर आणि एकच एमडीआर असं चित्र राहत नाही. फेचही बहुतेक वेळा मेमरीऐवजी कॅशमधून होतो.

पण पीसी पुढे धावतो ही गोष्ट तिथेही समोर येते. 32 बिटच्या आर्ममध्ये एखाद्या इन्स्ट्रक्शनने पीसी वाचला तर तिला स्वतःच्या पत्त्यापेक्षा 8 ने मोठा आकडा मिळतो. जुन्या आर्मच्या पाइपलाइनमध्ये एक इन्स्ट्रक्शन चालू असताना तिच्यानंतरची डीकोड होत असे आणि त्याच्याही पुढची फेच होत असे, चार-चार बाइटच्या दोन इन्स्ट्रक्शन पुढे. नंतरच्या प्रोसेसरमध्ये पाइपलाइन लांबली, तरी जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून तो 8 तसाच ठेवला आहे.